वरचे घर, खालचे घर: ‘पॅरासाइट’मधील जिने आणि तळघर

दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक बोंग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’ (2019) या चित्रपटात कोण किती गरीब आहे, हे कुणी बोलून दाखवावे लागत नाही. माणूस जमिनीपासून किती वर किंवा किती खाली राहतो, यावरून ते समजते. टेकडीवरच्या बंगल्यात पार्क कुटुंब राहते. शहराच्या सखल भागात, निम्म्या जमिनीखाली असलेल्या भाड्याच्या घरात किम कुटुंब राहते. आणि पार्कांच्याच बंगल्याखाली, स्वतः पार्कांनाही ठाऊक नसलेल्या भुयारात आणखी एक माणूस राहतो. हे तीन मजले आणि त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या यांवर संपूर्ण कथा उभी आहे. स्वतः दिग्दर्शकांनी या चित्रपटाला जिन्यांचा चित्रपट म्हटले होते.

समाजातील एखादी तेढ हेच ज्या कथेतील भीतीचे मूळ असते, तिला सोशल थ्रिलर म्हणतात. तिथे भुताखेतांची गरज नसते. रोजच्या व्यवहारात दबलेली गोष्ट एका रात्री वर येते आणि तीच पुरेशी भयानक असते. 2019 च्या मे महिन्यात कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि 2020 च्या फेब्रुवारीत सर्वोत्कृष्ट चित्रपटासह 4 ऑस्कर मिळवणारा ‘पॅरासाइट’ हे या प्रकाराचे आजवरचे सर्वांत नेटके उदाहरण म्हणावे लागेल. त्यातील दबलेली गोष्ट अक्षरशः जमिनीखाली दबलेली आहे.

अर्धे जमिनीखाली

किम कुटुंबाच्या घराला कोरियात ‘बांजिहा’ म्हणतात. हा प्रकार चित्रपटासाठी रचलेला नाही, त्याला स्वतःचा इतिहास आहे. 1968 च्या जानेवारीत उत्तर कोरियाच्या सशस्त्र तुकडीने सोलमध्ये शिरून राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर हल्ल्याचा प्रयत्न केला. त्या तणावाच्या काळात, 1970 मध्ये, बांधकाम कायदा बदलून नव्या इमारतींना तळघर बंधनकारक करण्यात आले. युद्ध झालेच तर लोकांना तिथे आसरा घेता यावा, हा हेतू होता. राहण्यासाठी ही तळघरे भाड्याने देणे सुरुवातीला बेकायदा होते. पण सोलमध्ये कामासाठी येणाऱ्यांचा लोंढा वाढला, घरे अपुरी पडू लागली आणि 1980 च्या दशकात सरकारने नियम सैल केले. बॉम्बपासून जीव वाचवण्यासाठी खणलेल्या खोल्या अशा रीतीने गरिबांचे कायमचे घर झाल्या. 2020 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे सव्वातीन लाख कुटुंबे अशा घरांत राहत होती आणि त्यांतली सुमारे दोन लाख एकट्या सोलमध्ये होती.

चित्रपटाचे पहिलेच दृश्य या घराच्या खिडकीचे आहे. खिडकी छताला लागून असल्याने बाहेरचा रस्ता आतल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येतो. समोर वाळत घातलेले मोजे लटकतात, त्यांच्यापलीकडे गल्ली दिसते. मग कॅमेरा तिथूनच सरळ खाली उतरतो आणि फोनला फुकटचे वायफाय मिळते का हे शोधणारा तरुण मुलगा, की-वू, नजरेस पडतो. एवढ्या एका हालचालीत घराचे स्थान ठरून जाते: उजेड वर आहे, माणूस खाली आहे. याच खिडकीसमोर दारुडा लघवीला उभा राहतो. रस्त्यावर कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली की धूर सरळ घरात शिरतो, आणि घरातले किडे आयतेच मरतील म्हणून बाप, की-टेक, खिडकी उघडीच ठेवायला सांगतो.

या घरातली सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे संडास. तो एका उंच ओट्यावर, जवळजवळ छताला भिडलेला आहे. बसणाऱ्याला मान वाकवावी लागते. परदेशी प्रेक्षकाला ही दिग्दर्शकाची गंमत वाटू शकते, पण त्यामागे साधे पाण्याचे गणित आहे. खोली रस्त्याखालच्या सांडपाण्याच्या नळापेक्षा खाली असेल, तर मैला आपोआप वाहून जाणार नाही, उलटा घरात येईल. म्हणून भांडेच वर चढवावे लागते. परिणाम असा, की घरातली सर्वांत उंच जागा संडासाची ठरते आणि वायफायही तिथेच मिळते.

निर्मिती-संकल्पक ली हा-जुन यांनी किमांचे घर आणि त्याभोवतीची पूर्ण गल्ली गोयांग शहरातल्या पाण्याच्या टाकीत, म्हणजे जलदृश्यांसाठी असलेल्या स्टुडिओत, उभारली. हा खर्च कशासाठी केला, ते कथेच्या मध्यावर कळते.

बंगल्याकडे जाणारी वाट

की-वूला पार्कांच्या मुलीची शिकवणी मिळते. तो पहिल्यांदा बंगल्यावर जातो तेव्हा आधी चढाचा रस्ता लागतो, मग उंच भिंतीतले फाटक आणि फाटकाच्या आतही पायऱ्या. त्या चढून गेल्यावर एकदम उघडी हिरवळ दिसते आणि डोळ्यांवर ऊन येते. किमांच्या घरात शिरायचे तर पायऱ्या उतरायच्या. इथे बागेत पाऊल टाकायलाही चढावे लागते. किम मंडळी हा चढ पायी चढतात. घरमालक डोंग-इक गाडीने गॅरेजमध्ये येतो आणि तिथून आतल्या जिन्याने वर येतो. उंची दोघांसाठी एकच असली, तरी चढण्याचे श्रम सारखे नाहीत.

कथेत हा बंगला एका नामांकित वास्तुशिल्पकाराने स्वतःसाठी बांधलेला आहे. प्रत्यक्षात तसे घर नाही आणि तसा वास्तुशिल्पकारही नाही. तळमजला आणि बाग जेओंजू शहरातल्या मोकळ्या जागेवर उभारली गेली, वरचा मजला बंदिस्त स्टुडिओत बांधला गेला. जागा निवडताना सूर्य कोणत्या वेळी कुठून येतो, याचा हिशेब आधी केला, कारण दिवाणखान्यात ऊन किती वेळ आणि किती आत येते, ही या घराच्या श्रीमंतीची खूण होती. बागेकडची काचेची प्रचंड खिडकी चित्रपटाच्या रुंद पडद्याच्या प्रमाणात, म्हणजे 2.35 ला 1 अशा मापात बेतली होती. पार्क कुटुंब सोफ्यावर बसून बाहेर पाहते, तेव्हा जणू पडद्यावरचा चित्रपटच पाहत असते. किमांची खिडकीही आडवी आहे आणि तेही तिच्याकडे बघत बसतात. एकीकडे झाडांनी वेढलेली, शेजाऱ्याचे छप्परही न दिसणारी हिरवळ. दुसरीकडे अनोळखी माणसांचे पाय.

या आराखड्यात एक विशेष गोष्ट आहे. घर आधी आणि त्यात वावरणारी माणसे नंतर, असा क्रम इथे नव्हता. कोण कुठे उभा राहून कुणाचे बोलणे ऐकतो, कोण कुठून येताना कुणाला दिसत नाही, हे पटकथेत आधीच ठरले होते आणि त्यानुसार भिंती उभ्या राहिल्या. त्यामुळे राहण्याच्या सोयीपेक्षा चोरून पाहण्याची आणि लपण्याची सोय या घरात जास्त आहे. दिवाणखाना वरून सगळा मोकळा दिसतो. मात्र स्वयंपाकघराच्या कडेला एक काळोखा चौकोन कायम उघडा असतो. तो तळघराकडे उतरणाऱ्या जिन्याचा. मागच्या उजळ फळ्या आणि दिव्यांमुळे तो अधिकच काळा दिसतो. पहिला तासभर त्याच्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही, आणि तेच दिग्दर्शकाला हवे आहे.

फळीमागचा दरवाजा

पहिल्या भागात किम कुटुंब वर चढत राहते. मुलगा शिकवणीला, मुलगी की-जंग चित्रकलेची शिक्षिका म्हणून, बाप ड्रायव्हर म्हणून आणि आई चुंग-सूक स्वयंपाक-घरकामाला, असे चौघेही आपसातले नाते लपवून बंगल्यात शिरतात. त्यासाठी आधीचा ड्रायव्हर आणि जुनी घरकामवाली मून-ग्वांग यांची नोकरी कपटाने घालवली जाते. पार्क मंडळी सहलीला गेल्यावर किम चौघे त्यांच्या दिवाणखान्यात दारू पीत बसतात. बाहेर पाऊस सुरू होतो आणि दाराची घंटा वाजते. दारात मून-ग्वांग उभी असते. तळघरात काहीतरी विसरले आहे, एवढेच ती सांगते.

इथून चित्रपट खाली जाऊ लागतो. तळघरात सामानाचे एक जड कपाट आहे. मून-ग्वांग भिंतीला पाय लावून, जमिनीला आडवी होऊन, सगळ्या शरीराचा जोर त्या कपाटावर लावते. कपाट सरकते. मागे लोखंडी दार आणि त्यापलीकडे आणखी खोल जाणारा सिमेंटचा अरुंद, वळणाचा जिना असतो. प्रेक्षकाला वाटत असते की तळघर म्हणजे घराचा शेवटचा मजला. त्याच्याखाली भुयार निघते आणि त्यात मून-ग्वांगचा नवरा गून-से 4 वर्षांहून अधिक काळ राहत असलेला सापडतो. तैवानी केकचे त्याचे दुकान बुडाले, सावकारांचे कर्ज झाले आणि तो इथे लपला.

भुयार का खणले होते, तेही मून-ग्वांग सांगते: उत्तर कोरियाने हल्ला केला किंवा घेणेकरी दारात आले, तर लपण्यासाठी. बांधणाऱ्याला या भीतीची थोडी लाज वाटत असे, म्हणून नव्या मालकांना ते कधी सांगितलेच गेले नाही. हा तपशील ओझरता येतो, पण चित्रपटाचे मर्म त्यात आहे. बांजिहा आणि बंगल्याचे भुयार, दोन्ही एकाच युद्धाच्या भीतीतून जन्मली. श्रीमंताने आपले भुयार बांधले आणि ते विसरून गेला. गरिबाच्या वाट्याला तेच राहते घर म्हणून आले. गून-से आणि किम हे दोन वेगळ्या वर्गांचे लोक नाहीतच. की-टेकचेही धंदे बुडालेले आहेत, तैवानी केकचे दुकान त्यातच मोडते. दोघांमधले अंतर काही पायऱ्यांचे आहे.

भुयारातल्या भिंतीवर दिव्यांची बटणे आहेत. डोंग-इक गॅरेजमधून वर येतो तेव्हा जिन्यावरचे दिवे एकामागून एक लागतात आणि हे यंत्र आपोआप चालते, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात खाली गून-से त्याच्या पावलांचा आवाज ऐकून डोक्याने बटणे दाबत असतो, मालकाचे आभार मानत. वरच्याचा प्रकाश खालच्याच्या कपाळावर चालतो आणि वरच्याला तो माणूस आहे हेही माहीत नसते. वर्गभेदाविषयी एकही वाक्य न उच्चारता हे दृश्य सगळे सांगते. चित्रपटातील सर्वांत कठोर कल्पना हीच, असे म्हणायला हरकत नाही.

एका पावसाची रात्र

त्या रात्रीचा पुढचा भाग सलगपणे पाहण्यासारखा आहे, कारण घराचा प्रत्येक मजला त्यात कामाला लागतो.

किमांचे नाते उघड होते आणि दोन गरीब कुटुंबे दिवाणखान्यात एकमेकांवर तुटून पडतात. तेवढ्यात मालकिणीचा फोन येतो. पावसामुळे सहल मोडली असून 8 मिनिटांत आम्ही पोचतो, नूडल्स करून ठेव आणि त्यात मांस घाल, असे ती चुंग-सूकला सांगते. वर नूडल्स शिजत असताना खाली माणसे फरफटत नेली जातात. मून-ग्वांग सुटून वर धावते, जिन्याच्या तोंडाशी पोचते. मालकीण दोन पावलांवर असते. चुंग-सूक मागे न पाहता लाथ मारते आणि मून-ग्वांग जिन्यावरून कोसळते. त्याच जखमेने ती पुढे मरते. जिना इथे दोन गरिबांमधली रणभूमी होतो. ज्यांच्यासाठी हे सारे लपवायचे, ते वर नूडल्स खातात.

मग बाप, मुलगा आणि मुलगी दिवाणखान्यातल्या टेबलाखाली अडकतात. पार्कांचा धाकटा मुलगा हिरवळीवर तंबू लावून झोपतो, त्याच्यावर लक्ष ठेवत आईवडील सोफ्यावर पडतात. बंगल्याच्या मधोमध, सर्वांत मोकळ्या खोलीत, किम पुन्हा जमिनीला चिकटून पडलेले असतात. त्यांच्या डोक्यावर डोंग-इक ड्रायव्हरच्या अंगाला येणाऱ्या वासाबद्दल बायकोशी बोलतो. हा वास भुयारी रेल्वेतल्या माणसांसारखा आहे, असे त्याचे म्हणणे असते. मुलगी की-जंग हिने तो आधीच ओळखलेला असतो: तो बांजिहाचा वास आहे. कपडे बदलून, साबण बदलून तो जात नाही, घर बदलावे लागेल. डोंग-इकला माणसांनी आपली मर्यादा ओलांडलेली चालत नाही. की-टेक मर्यादेत राहतो, वास मात्र ती ओलांडतो. भिंती आणि जिने माणसाला ठरलेल्या मजल्यावर ठेवू शकतात, पण हवेला ठेवू शकत नाहीत. पुढचा खून नेमका या वासावरून होतो.

अखेर तिघे बाहेर निसटतात आणि घराकडे निघतात. या परतीसाठी सोलच्या वेगवेगळ्या भागांतल्या जागा जोडल्या आहेत. जाहामुन बोगद्याजवळच्या पायऱ्या त्यांतल्या सर्वांत ओळखीच्या. जागा कुठलीही असो, दिशा एकच ठेवली आहे. प्रत्येक चौकटीत तिघे उतरत असतात. रस्ता उतरतो, बोगदा येतो, पायऱ्या, पुन्हा पायऱ्या, आणि त्यांच्यासोबत पावसाचे पाणीही उतरत असते. एका जागी की-वू थांबतो आणि आपल्या पायांवरून पुढे धावणाऱ्या पाण्याकडे पाहतो. ते पाणी कुठे चालले आहे, ते त्याला कळते.

गल्ली कमरेपर्यंत बुडालेली असते. पाण्याच्या टाकीत सेट का बांधला, याचे उत्तर इथे मिळते. घरात गटाराचे पाणी भरते, संडास उसळू लागतो आणि की-जंग त्याच्या झाकणावर बसून सिगारेट ओढते, कारण तीच एक कोरडी उंच जागा उरलेली असते. उंचावर बांधलेल्या भांड्याचे गणितही मोडते. तोच पाऊस वर, हिरवळीवर, मुलाच्या तंबूच्या आतही शिरत नाही. दुसऱ्या दिवशी मालकीण गाडीत फोनवर बोलते: पावसाने हवा स्वच्छ झाली, मेजवानीला छान दिवस मिळाला. मागच्या आसनावर ती आहे, पुढे गाडी चालवतो तो व्यायामशाळेत इतर पूरग्रस्तांसोबत रात्र काढून आलेला की-टेक.

खालून वर आलेला माणूस

मेजवानीच्या दिवशी उलटा प्रवास होतो. गून-से भुयारातून स्वयंपाकघरात आणि तिथून हिरवळीवर येतो. इतकी वर्षे अंधारात काढलेल्या माणसाला ऊन सोसत नाही. त्याचा सुरा मात्र पार्कांवर चालत नाही, की-जंगवर चालतो. नंतर डोंग-इक गून-सेच्या अंगाखालची गाडीची किल्ली घेताना नाक दाबतो आणि ते पाहून की-टेक त्याला भोसकतो. भोसकून झाल्यावर तो रस्त्याकडे पळत नाही. बागेच्या पायऱ्या उतरून गॅरेजमध्ये आणि तिथून भुयारात जातो. गून-सेची रिकामी जागा तो भरतो. बंगल्याचे मालक बदलतात, जर्मन कुटुंब राहायला येते, भुयारातला माणूस तसाच राहतो. तोही दिव्यांच्या बटणांनी मोर्सच्या खुणांत मुलाला निरोप पाठवू लागतो.

मुलगा उत्तर लिहितो: मी खूप पैसे कमवीन, हे घर विकत घेईन, बाबांनी तेव्हा फक्त पायऱ्या चढून वर यायचे. ते चित्र पडद्यावर दिसतेही. मग कॅमेरा पहिल्या दृश्याप्रमाणेच खिडकीवरून खाली उतरतो आणि मुलगा त्याच खोलीत बसलेला असतो. सरासरी पगारात हे घर घ्यायला पाचशेहून अधिक वर्षे लागतील, असा हिशेब दिग्दर्शकांनी सांगितला आहे.

जुने जिने, आजची घरे

जिन्यातून वर्ग दाखवण्याची रीत बोंग यांनी शोधलेली नाही आणि त्यांनी तसा दावाही केलेला नाही. किम की-योंग यांच्या ‘द हाउसमेड’ (1960) या कोरियन चित्रपटात नव्या दुमजली घराचा जिना हाच मोलकरीण आणि मालक यांच्यातल्या संघर्षाचा कणा आहे. अकिरा कुरोसावा यांच्या ‘हाय अँड लो’ (1963) मध्ये योकोहामाच्या टेकडीवरचा उद्योजकाचा बंगला खालच्या वस्तीतून सतत दिसतो आणि गुन्हेगाराचा द्वेष त्या दिसण्यातून वाढतो. ‘पॅरासाइट’ने एक फरक केला. इथे खालच्यांना वरचे घर दिसत नाही, त्यात शिरल्यावरच कळते; आणि वरच्यांना आपल्याच घराचा तळ ठाऊक नाही.

सगळ्याच पायऱ्यांना अर्थ चिकटवण्याचे मात्र कारण नाही. पार्कांची मुले वरच्या मजल्यावर झोपतात, तो जिना पुष्कळदा फक्त जिना असतो. अर्थ तिथे येतो जिथे कॅमेऱ्याची दिशा, माणसाची दिशा आणि कथेचे वळण एकत्र जुळतात: पहिल्या भेटीचा चढ, घंटेनंतरचे उतरणे, पावसातली परतीची वाट. तसेच पार्क कुटुंब दुष्ट दाखवलेले नाही. ते सभ्य आहेत, पगार वेळेवर देतात. अन्याय त्यांच्या स्वभावात शोधू लागले की घराचा आराखडा नजरेआड होतो.

चित्रपटातला पूर 3 वर्षांनी खरा ठरला. 8 ऑगस्ट 2022 च्या मुसळधार पावसात सोलच्या ग्वानाक भागातल्या बांजिहात पाणी शिरून एकाच कुटुंबातल्या तिघी मरण पावल्या. बाहेर साचलेल्या पाण्याच्या दाबाने दार उघडेना आणि खिडकीला गज होते. त्यानंतर शहर प्रशासनाने नवी बांजिहा घरे बंद करण्याचे आणि असलेली येत्या 10 ते 20 वर्षांत टप्प्याटप्प्याने हटवण्याचे जाहीर केले. त्यावर गृहनिर्माणाच्या अभ्यासकांनी आणि भाडेकरूंनी लगेच विचारले, की तेवढ्याच भाड्यात जमिनीवरचे घर कुठे मिळणार आहे.